ब्राऊन ब्रेड: कणकेचा की कॅरॅमलचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी टेबलावर काही मांडल्याशिवाय शिकवायला उभे राहत नसत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. म्हणून मीही टेबल मागून घेतलं. त्यावर काचेचे दोन पेले आहेत, दोन्हींत साधं पाणी. एकात मी आत्ता एका ब्राऊन ब्रेडचा मधला भाग कडा काढून टाकतो, दुसऱ्यात दुसऱ्या ब्रेडचा. ते भिजू देत. त्यांच्याकडे आपण नंतर वळू.

पिठाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. त्यामुळे लग्नकार्यात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, कुठेही गाठ पडली की मला एकच प्रश्न येतो: "अहो, हा ब्राऊन ब्रेड खरंच गव्हाचा असतो, की मैद्याला रंग लावून देतात?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मी देत नाही, कारण प्रश्नाची मांडणीच थोडी चुकलेली असते. रंग घातलेला ब्रेड म्हणजे खोटा आणि रंग न घातलेला म्हणजे खरा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात चारही जोड्या बाजारात सापडतात. मैद्याचा रंग घातलेला, कणकेचा रंग न घातलेला, कणकेचा असूनही रंग घातलेला, आणि चौथा म्हणजे मैद्याचा, ज्यात कॅरॅमल नाही पण माल्टच्या अर्काने किंवा गुळाने आलेला गडदपणा आहे. यातला तिसरा प्रकार लोकांना पटत नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या घरची पोळी आठवा. लोकवन असो की सिहोर, गहू दळून आणला, कणीक न चाळता मळली, तव्यावर भाजली, तर पोळीचा रंग कसा असतो? फिकट, पिवळसर, फार तर किंचित करडा. कोणाच्याही घरची पोळी चॉकलेटी नसते. चाळणीत राहणारा सगळा कोंडा पोटात घेऊनसुद्धा ती तशी होत नाही. मग त्याच कणकेचा ब्रेड दाट तपकिरी होईल कसा? वरचा पापुद्रा भट्टीच्या आचेने तपकिरी होतो, पण तो मैद्याच्या पावाचाही होतो. प्रश्न आतल्या भागाचा आहे. आपल्या गव्हाच्या कणकेचा ब्रेड आतून फिकट, जरासा मातकट निघतो आणि त्यात कोंड्याचे कण दिसतात. याहून जास्त रंग त्या गव्हातच नाही.

मग "ब्राऊन" हे चित्र आलं कुठून? ते लाल गव्हाच्या देशांतून आलं. अमेरिकेत आणि युरोपात पिकणाऱ्या पावाच्या गव्हाचा मोठा भाग लाल सालीचा असतो. त्या सालीतल्या रंगद्रव्यामुळे अख्ख्या गव्हाचा पाव आपोआप तपकिरी होतो. आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना हा लाल गहू चांगला माहीत आहे. साठच्या दशकात पीएल ४८० च्या कराराखाली अमेरिकेचा गहू रेशनवर यायचा. त्या पोळ्या लालसर व्हायच्या आणि घरोघरी नाकं मुरडली जायची. हे नाक मुरडणं एवढं पक्कं होतं की शेतीशास्त्रालाही त्याची दखल घ्यावी लागली. हरितक्रांतीसाठी मेक्सिकोतून आणलेले 'सोनोरा ६४' आणि 'लर्मा रोहो' हे वाण भरघोस पिकायचे, पण दाणा लाल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. स्वामिनाथन यांच्या चमूने 'सोनोरा ६४' वर किरणांचा मारा करून अंबर रंगाच्या दाण्याचा वाण काढला, तो 'शरबती सोनोरा'. म्हणजे लाल रंग आपण पोळीतून मुद्दाम हाकलून लावला. पुढे काही दशकांनी तोच रंग ब्रेडमध्ये पौष्टिकतेची खूण म्हणून आपण मागायला लागलो. गहू मात्र मधल्या काळात अंबरच राहिला.

इथे बेकरीवाल्याची अडचण लक्षात घ्या. त्याने शंभर टक्के कणकेचा ब्रेड केला तर तो फिकट निघतो. दुकानात शेजारी गडद तपकिरी ब्रेड मांडलेला असतो. गिऱ्हाईक दोन्हींकडे बघतं आणि गडद उचलतं. मग प्रामाणिक बेकरही पिठात थोडं कॅरॅमल टाकतो. खोटं काही करायचं म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतल्या 'ब्राऊन'शी मेळ बसावा म्हणून. आणि ज्याला मैद्यावरच काम भागवायचं आहे तोही तेच करतो. दोघांच्या ब्रेडचा रंग एकच. म्हणून मी म्हणतो की रंगाला साक्षीला बोलावू नका.

हे कॅरॅमल असतं काय? साखर किंवा ग्लुकोजचा पाक ठरावीक तापमानाला बराच वेळ तापवला की तो गडद होतो. नुसताच, फार तर किंचित आम्ल किंवा अल्कली घालून तापवला तर तो पहिल्या वर्गाचा साधा कॅरॅमल रंग, त्याचा क्रमांक १५०ए. सल्फाइट घालून केला की १५०बी, अमोनियाची संयुगं घालून केला की १५०सी आणि दोन्ही वापरली की १५०डी. कोलासारख्या पेयांत हा शेवटचा चालतो. रंग इतका तीव्र असतो की किलोभर पिठाला काही ग्रॅम पुरतात. त्याने ना चव फार बदलते, ना चोथा वाढतो.

कॅरॅमल घातक आहे का, हेही लगेच विचारलं जातं. अमोनिया वापरून केलेल्या दोन प्रकारांत ४-मिथिलइमिडाझोल नावाचं द्रव्य अल्प प्रमाणात तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्याला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवलं. साध्या १५०ए मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे अमोनियाच नाही. पाकिटावर क्रमांक दिलेला असतो, तो वाचावा आणि पुढे जावं. ब्रेडच्या बाबतीत माझी तक्रार रंगाने होणाऱ्या अपायाची नाही. रंग बघून माणूस खाली काय लिहिलंय ते वाचायचं सोडून देतो, ही आहे.

आता कणकेचा ब्रेड करणं अवघड का, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पाकीट वाचताना ते उपयोगी पडेल.

गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे ऐंशी टक्क्यांहून थोडा जास्त भाग आतल्या पांढऱ्या गराचा असतो. चौदा-पंधरा टक्के कोंडा आणि दोन-तीन टक्के अंकुर. रोलरच्या गिरणीत दाणा फोडून गर वेगळा करतात, तो दळला की मैदा. दगडी जात्यात किंवा चक्कीवर सगळंच एकत्र दळलं जातं, ती कणीक. पाव फुगतो तो पिठातल्या ग्लुटेनमुळे. मळताना ग्लुटेनचे पातळ पडदे तयार होतात, यीस्टने सोडलेला वायू त्यांत अडकतो आणि पीठ वर येतं. कणकेत कोंड्याचे टोकदार कण असतात. ते हे पडदे जागोजागी कापतात, वायू निसटतो, पाव बसका होतो. शिवाय कोंडा पाणी ओढून घेतो. मैद्याच्या पावाला शंभर भाग पिठामागे साठ भाग पाणी पुरत असेल, तर कणकेला सत्तर भाग तरी लागतं. अंकुरात तेल असतं, त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते.

यावर बेकरीत उपाय काय करतात? वेगळं काढलेलं सुकं ग्लुटेन विकत मिळतं, ते पिठात मिसळतात. म्हणजे घटकांच्या यादीत 'ग्लुटेन' दिसलं तर दचकायचं कारण नाही. बरेचदा ते कणीक भरपूर असल्याची खूण असते. मैदा कमजोर असला तरी ते घालतात, तेव्हा एकट्या त्या शब्दावर विसंबू नका. पण कणीक यादीत पहिली आणि ग्लुटेन दुसरं-तिसरं असेल, तर आत नेमकं काय झालं असेल याची कल्पना येते.

आता पाकीट उघडू. म्हणजे उघडू नका, फक्त पालथं करा. मी दोन नमुना पाकिटं तयार करून आणली आहेत. ती कुठल्याही कंपनीची नाहीत, पण बाजारात मिळणाऱ्या पाकिटांसारखीच आहेत.

पहिल्या पाकिटावर समोर गव्हाची ओंबी, गडद तपकिरी स्लाइस आणि ठळक अक्षरांत 'ब्राऊन ब्रेड'. खाली लहान अक्षरांत 'तंतुमय पदार्थांचा स्रोत'. मागे यादी अशी: मैदा, कणीक (१५ टक्के), साखर, यीस्ट, ग्लुटेन, मीठ, खाद्य वनस्पती तेल, गव्हाचा कोंडा, इमल्सिफायर, परिरक्षक (२८२), रंग (१५०ए).

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. मैदा पहिला, म्हणजे सर्वात जास्त मैदा. एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण क्रम फक्त जास्त-कमी सांगतो, किती ते सांगत नाही. किती हे कंसातला आकडा सांगतो. पाकिटावर शब्दांनी किंवा चित्रांनी एखाद्या घटकाची शेखी मिरवली असेल, तर त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं असं लेबलचा नियम सांगतो. ओंबीचं चित्र आहे, म्हणून कंसात १५ आले.

पण १५ टक्के कशाचे? इथे भले भले अडखळतात. हे टक्के पिठाचे नव्हेत, सगळ्या मालाचे. ब्रेडमध्ये पाणीही असतं. शंभर किलो कणकेत सत्तर किलो पाणी, तीन किलो यीस्ट, दोन किलो मीठ, थोडी साखर आणि तेल मिळून गोळा १८२ किलोच्या आसपास भरतो. भट्टीत गोळ्याच्या वजनाच्या दहा टक्के पाणी उडालं तर तयार माल १६४ किलो. म्हणजे शंभर टक्के कणकेचा ब्रेड असला तरी पाकिटावर कणीक ५५ ते ६१ टक्क्यांच्या दरम्यानच दिसेल. हिशेब कच्च्या गोळ्यावर केला की तयार मालावर, यावर तो आकडा ठरतो. तेव्हा 'कणीक ५८ टक्के' वाचून उरलेला ४२ टक्के मैदा असणार असा निष्कर्ष काढू नका. उरलेलं बहुतांश पाणी आहे. मैदा असेल तर तो यादीत वेगळा छापलेला असेल.

हाच हिशेब उलटा लावा. ब्रेडमध्ये एकूण पीठ साठ टक्के धरलं, तर पहिल्या पाकिटातली १५ टक्के कणीक म्हणजे एकूण पिठाचा चौथा हिस्सा. तीन हिस्से मैदा.

आता त्या यादीतल्या कोंड्याकडे बघा. 'गव्हाचा कोंडा' वाचून बरं वाटतं. पण तो कुठे बसला आहे? मिठानंतर. माझ्या मते ब्रेडच्या यादीत मीठ ही सर्वात उपयोगी खूण आहे, कारण मीठ किती आहे ते आपल्याला काढता येतं. पोषणाच्या तक्त्यात सोडियम देणं बंधनकारक आहे. समजा शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये ४४० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ४४० गुणिले अडीच म्हणजे ११०० मिलिग्रॅम, म्हणजे १.१ ग्रॅम. थोडं सोडियम इतर घटकांतूनही येतं, म्हणून मीठ याहून किंचित कमीच असेल. जे जे मिठाच्या मागे उभं आहे ते शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. तर हा कोंडा दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा. हीच युक्ती 'मल्टिग्रेन'ला लावून बघा. नाचणी, ओट, जवस, सोयाबीन यांची रांग मिठानंतर सुरू होत असेल, तर त्या रांगेची लांबी मोजू नका.

मग 'तंतुमय पदार्थांचा स्रोत' हे खोटं आहे का? हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली. त्यांत कणकेत शंभर ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, दिले आहेत आणि मैद्यात तीनाहून थोडे कमी. आपल्या पाकिटात १५ ग्रॅम कणकेचे झाले साधारण १.६ ग्रॅम, ४५ ग्रॅम मैद्याचे १.२ ग्रॅम आणि ग्रॅमभर कोंड्याचे ०.४. एकूण ३.२. 'स्रोत' म्हणायला नियमानुसार शंभर ग्रॅममध्ये तीन ग्रॅम पुरतात. म्हणजे तीन-चतुर्थांश मैद्याचा, कॅरॅमलने रंगवलेला हा ब्रेड कायद्याला धरून 'स्रोत' म्हणवून घेऊ शकतो. कुठेही लबाडी नाही. नियमातली रेषा तेवढ्यावर आहे आणि पाकीट त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे उभं आहे.

दुसरं पाकीट घ्या. कणीक (५८ टक्के), ग्लुटेन, यीस्ट, साखर, मीठ, खाद्य वनस्पती तेल, परिरक्षक (२८२), रंग (१५०ए). मैद्याचं नावही नाही. रंग मात्र आहे. कितीतरी सुजाण मंडळी यादीचं शेपूट बघून 'रंग घातलाय' म्हणत हे पाकीट परत ठेवतात आणि शेजारचं, रंग न घातलेलं पण मैदा पहिला असलेलं पाकीट घेऊन जातात. या दुसऱ्या पाकिटाचा चोथ्याचा हिशेब करा: ५८ ग्रॅम कणकेचे सव्वासहा-साडेसहा ग्रॅम. 'भरपूर तंतुमय' म्हणायला शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅम लागतात. तो उंबरठा हा ब्रेड नुसत्या कणकेच्या बळावर ओलांडतो.

यातून एक घरगुती पट्टी हाती लागते. पाकिटावर चोथ्याचा आकडा दोनच्या आसपास असेल तर ब्रेड मैद्याचा, चारच्या आसपास असेल तर निम्मा-निम्मा, सहाच्या पुढे असेल तर बहुधा कणकेचा. 'बहुधा' म्हणायचं कारण असं की वरून कोंडा किंवा इन्युलिनसारखा वेगळा काढलेला चोथा घालूनही हा आकडा वाढवता येतो. तो यादीत दिसेल, म्हणून आकडा आणि यादी दोन्ही जोडीने वाचायची. आणखी एक गोची म्हणजे आपल्या पोषणाच्या तक्त्यात चोथा देणं सक्तीचं नाही. दावा केला असेल तरच द्यावा लागतो. ज्या 'ब्राऊन' ब्रेडने हा आकडा अजिबात दिलेला नाही, त्याच्याबद्दल तुम्ही काय समजायचं ते समजा.

मधुमेह असलेल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, थोडी निराशेची असली तरी. कणकेचा ब्रेड मिळाला म्हणजे रक्तातली साखर सावकाश वाढेल, असं धरून चालू नका. २००८ च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांत पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक निर्देशांक सरासरी ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचा ७४. कोंडा बारीक दळलेला असतो आणि स्टार्च शिजून फुगलेला असतो, त्यामुळे दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने पचतात. कणकेच्या ब्रेडचे फायदे आहेत, पोट साफ राहण्यापासून खनिजं आणि जीवनसत्त्वांपर्यंत, पण तो साखरेचं औषध नाही. मधुमेह्याला 'पांढरा सोडा, ब्राऊन खा' हा सल्ला फार सहज दिला जातो. त्यातला दुसरा अर्धा भाग मला पटत नाही.

आता पेल्यांकडे वळू. तोवर चांगलं भिजलंय. पुढच्या रांगेतल्या मंडळींना दिसेल, मागच्यांना मी सांगतो. डावीकडच्या पेल्यातलं पाणी तपकिरी झालंय, आणि ब्रेडचा गोळा फिकटला आहे. उजवीकडच्या पेल्यातलं पाणी गढूळ आहे, किंचित पिवळसर, आणि तळाशी तांबूस कण बसलेत. कॅरॅमल पाण्यात विरघळतं, म्हणून ते ब्रेड सोडून पाण्यात उतरतं. कोंड्याचा रंग सालीत बांधलेला असतो, तो असा सुटत नाही. गोळ्याला बोटांनी हलकं चोळून हे पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं, की डावीकडच्याचा मऊ लगदा जवळपास सगळा निघून जातो आणि उजवीकडच्याचे कण गाळणीत राहतात.

प्रयोग बघायला छान वाटतो आणि मुलांना तर करून दाखवाच. पण त्यावरून निकाल देऊ नका. पाणी तपकिरी झालं तर एवढंच कळलं की विरघळणारा रंग आहे. तो कॅरॅमलचा, माल्टचा की गुळाचा, हे पेल्याला सांगता येत नाही. आणि मघाचं दुसरं पाकीट आठवा: कणकेचा असूनही रंग घातलेल्या ब्रेडचं पाणीही असंच तपकिरी होईल. उलट बाजूने, गाळणीत कण राहिले म्हणजे कोंडा आहे एवढंच ठरलं. मैद्यात वरून जाडा कोंडा टाकला तरी कण दिसणारच. दोन्ही परीक्षा जोडून पाहिल्या तरी हाती येतो तो अंदाज. पाणी गडद आणि गाळणी रिकामी, असं झालं तर मात्र संशयाला जागा उरत नाही.

नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर स्लाइस उजेडासमोर धरा. रंगवलेल्या मैद्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा सगळीकडे एकसारखा पसरलेला असतो. कणकेच्या स्लाइसचा रंग कधी एकसारखा नसतो. फिकट भागात लहान-मोठे कण, काही तांबूस, काही पिवळट. हातात घेऊन वजन बघा: त्याच वजनाचा कणकेचा ब्रेड मैद्याच्या ब्रेडपेक्षा ठेंगणा असतो. उंच, कापसासारखा मऊ आणि तरीही गडद तपकिरी अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर यादी दोनदा वाचा.

हे झालं पाकिटाचं. गावच्या बेकरीत सुटा मिळणारा ब्राऊन ब्रेड किंवा ब्राऊन लादीपाव घेताना वाचायला काहीच नसतं. तिथे बेकरीवाल्याला नीट प्रश्न विचारावा. "गव्हाचा आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमीच "हो" येणार, आणि ते खोटंही नसणार, कारण मैदाही गव्हाचाच. विचारायचं असं: "एका घाण्याला मैदा किती आणि कणीक किती टाकता?" ज्याने स्वतः पीठ मळलंय तो याचं उत्तर किलोत देतो. टाळाटाळ झाली की समजायचं ते समजतं.

गोव्याच्या पोईबद्दलही श्रोते विचारतात, कारण तिला सर्रास कणकेची समजतात. पोईवर जो कोंडा दिसतो तो पोदेर बाहेरून भुरभुरतो, म्हणजे गोळे चिकटत नाहीत आणि चवही येते. आत कणीक किती आणि मैदा किती हे पोदेराप्रमाणे बदलतं. वरच्या कोंड्यावरून आतलं सांगता येत नाही. पण पोईला कोणी रंग लावत नाही, आणि ती खाताना मी कसलाही हिशेब करत नाही.

शेवटचा भाग कायद्याचा. पाकिटावर कणीक ५८ टक्के लिहिली आहे आणि तुम्हाला शंका आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. माल नियमांत बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. लेबल चुकीचं ठरलं तर उत्पादकाला तीन लाखांपर्यंत आणि जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फक्त एक काळजी घ्या. 'ब्रेड तपासून द्या' एवढंच लिहून दिलंत, तर तो ब्रेडच्या सर्वसाधारण मानकांवर तपासला जाईल. ती मानकं बघतात आम्लता आणि आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे पीठ जास्त आंबलं का आणि त्यात मातीरेती आहे का. मूळ व्याख्येतच ब्रेड कणीक, मैदा, पाणी, मीठ आणि यीस्टच्या मिश्रणाचा, मग त्याला नाव काहीही असो. त्या चाळणीतून शंभर टक्के मैद्याचा रंगवलेला ब्रेडही आरामात पार होतो, आणि तुमच्या हातात 'मानकांनुसार योग्य' असा अहवाल पडतो.

म्हणून अर्जात प्रश्न नेमका लिहा: एकूण तंतुमय पदार्थ किती, आणि पाकिटावरच्या कणकेच्या टक्केवारीशी ते जुळतात का. चांगल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कोंड्याच्या पेशी पाहता येतात. गव्हाच्या सालीतल्या अल्किलरिसॉर्सिनॉल या संयुगांवरूनही अख्ख्या धान्याचा अंदाज बांधता येतो, कारण मैद्यात ती नावापुरतीच असतात आणि कॅरॅमलमध्ये नसतातच. ती सोय सगळीकडे मिळेलच असं नाही. चोथ्याची तपासणी मात्र नेहमीची आहे, तिचा आग्रह धरा. आणि नमुना देताना पाकीट सीलबंद असू द्या, खरेदीची पावती जोडा. अर्धवट खाल्लेलं पाकीट नेलंत तर विश्लेषक ते बाजूला सारेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.